साइटमॅपमधली तारीख आणि गूगलचा फेरा

“साइटमॅपमध्ये सगळ्या पानांपुढे रोज आजची तारीख टाका आणि `changefreq` मध्ये `daily` लिहा. गूगलचा बॉट रोज येईल आणि दुकान सर्चमध्ये वर जाईल.”
– नागपूरच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा सल्ला

साइटमॅप म्हणजे साइटवरच्या पानांची सर्च इंजिनसाठी केलेली यादी. त्यातल्या `changefreq` कडे, म्हणजे पान किती वेळा बदलतं या नोंदीकडे, गूगल लक्षच देत नाही, तसं त्यांनी जाहीर सांगितलेलं आहे. तारीख, म्हणजे `lastmod`, मात्र वापरतं, पण ती सातत्याने खरी निघत असेल तरच. तारीख आजची आणि मजकूर जुनाच, असं वारंवार दिसलं की त्या साइटच्या तारखांवरचा भरवसा जातो. मग ज्या दिवशी तुम्ही खरोखर नवा माल चढवाल, त्या दिवशीची खरी तारीखही वाया जाते. या सल्ल्याचा मला राग येतो तो यासाठी.

बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, कधी परतायचं हे मुख्यतः स्वतःच्या अनुभवावरून ठरवतो. समजा, कळमना बाजारातल्या एका संत्रा अडत्याच्या साइटवर दोन पानं आहेत, एक रोजच्या भावाचं आणि एक पत्त्याचं. बॉट दोन्हीकडे दिवसाआड अशा १० फेऱ्या मारतो. भावाचं पान १० पैकी ९ वेळा बदललेलं सापडतं, पत्त्याचं एकदाही नाही. पत्त्याच्या पानाच्या फेऱ्या लांबतात, भावाच्या पानाच्या जवळ येतात. इथे एक अडचण आहे. दोन फेऱ्यांच्या मधे भाव चारदा बदलला तरी बॉटला एकच बदल दिसतो. म्हणून नुसते बदल मोजले तर अंदाज कमी पडतो आणि तो हिशेबाने वाढवून घ्यावा लागतो.

पण जास्त बदल म्हणजे नेहमीच जास्त फेऱ्या, असंही नाही. स्टॅनफर्डमधल्या चो आणि गार्सिया-मोलिना यांनी २००० साली गणिताने दाखवलं की फेऱ्या मोजक्याच असतील, तर फारच भराभर बदलणाऱ्या पानामागे धावण्यात तोटा असतो. प्रत घेतली की लगेच शिळी होते. त्याच फेऱ्या मध्यम वेगाने बदलणाऱ्या पानांना दिल्या तर प्रतींचा एकूण साठा जास्त ताजा राहतो. शिवाय पानाला मागणी किती आहे हेही गूगल बघतं, आणि सर्व्हर मंदावला किंवा `503`, म्हणजे ‘सध्या सेवा नाही’ असं उत्तर, देऊ लागला तर बॉट हात आखडता घेतो.

वर जाण्याबद्दल थोडक्यात: फेऱ्या वाढल्याने क्रमांक वाढत नाही, हेही गूगलने स्पष्ट केलेलं आहे. पान गूगलच्या साठ्यात असणं गरजेचं आहे, तेवढंच.

त्या अडत्याने भाव भरल्यावरच त्या पानाचं `lastmod` बदलावं. न बदललेल्या पानासाठी बॉट `If-Modified-Since` पाठवून ‘या तारखेनंतर बदललं का’ असं विचारतो तेव्हा सर्व्हरने `304`, म्हणजे ‘बदल नाही’ हे उत्तर, द्यावं, म्हणजे अख्खं पान पुन्हा पाठवावं लागत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे भेटींच्या नोंदवहीत, Googlebot च्या ओळी शोधल्या की कोणत्या पानावर किती दिवसांनी फेरा होतो, हे स्वतःलाच दिसतं. फक्त ते नाव कुणीही लावू शकतं, म्हणून आयपी पत्त्यावरून उलटं सर्व्हरचं नाव शोधून ते `googlebot.com` चं निघतं का, आणि त्या नावावरून पुन्हा तोच पत्ता येतो का, हे आधी बघावं.