दार लावण्याआधी

मुंबईत नवरा-बायकोच्या भांडणाची एक ठरलेली वेळ असते, असं माझं मत झालंय. संध्याकाळी साडेसात ते आठ. एकजण दारात चपला काढत असतो आणि दुसरा दिवसभर घरात असतो. भांडण पैशावरून नसतं, सासूवरूनही नसतं. "काय झालं?" "काही नाही." एवढ्यावरून सुरू होतं.

मी समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणारं डोंबिवलीचं एक जोडपं डोळ्यासमोर ठेवून लिहितेय. दोघांनी परवानगी दिलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती फोर्टात एका बँकेत काउंटरवर. दिवसभर माणसं, मग सीएसएमटीवरून फास्ट लोकल आणि सव्वा तास कुणाचं तरी कोपर बरगडीत. तो आयटीत, वर्क फ्रॉम होम. वन बीएचकेच्या हॉलमध्ये लॅपटॉप, आई दुपारी झोपलेली, बोलायला कुणी नाही. म्हणजे संध्याकाळी ती माणसांनी विटलेली असते आणि तो माणसासाठी आसुसलेला. चूक कुणाचीच नाही. पण ती आल्या आल्या बेडरूममध्ये जाऊन दार लोटायची आणि त्याच्या पोटात खड्डा पडायचा.

मग तो दोन मिनिटांनी दार उघडून विचारायचा, "रागावलीयेस का?" ती म्हणायची "नाही रे." पाच मिनिटांनी पुन्हा, "चहा टाकू?" तिसऱ्यांदा विचारलं की तिचा आवाज चढायचा, आणि आवाज चढला की त्याची खात्रीच पटायची की काहीतरी बिनसलंय. अँड्र्यू ख्रिस्तेन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडप्यांमधल्या या चक्राचा बराच अभ्यास केलाय: एक मागे लागतो, दुसरा मागे सरतो. गंमत अशी की दोघांनाही वाटतं, सुरुवात समोरच्याने केली. तो म्हणतो, ती दूर जाते म्हणून मी मागे लागतो. ती म्हणते, तो मागे लागतो म्हणून मी दूर जाते. दोघंही खरंच बोलत असतात.

आपल्या आधीच्या पिढ्यांना असा एकट्याचा वेळ मागावा लागला नाही. बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांची खोली आणि त्यात आठ-दहा माणसं, तरी "मला एकटं राहायचंय" असं कुणी म्हणत नव्हतं. पुरुष नाक्यावर जायचे, व्यायामशाळेत जायचे, गॅलरीत कठड्याला टेकून तासभर खाली बघत राहायचे. बाईला माहेर होतं, तेही सणावाराला आणि बाळंतपणाला. (तिच्या वाट्याला कमीच आलं, हे आहेच.) पण निघून जाण्याला रीतीचं कारण असायचं, त्यामुळे कुणी ते मनाला लावून घेत नसे. आता कारण आपल्यालाच तोंडाने सांगावं लागतं, आणि तिथेच गाडी अडते.

माझ्या अनुभवात समोरचा दुखावतो तो अंतरामुळे नाही. त्याला तीन गोष्टी कळलेल्या नसतात: हे माझ्यामुळे आहे का, किती वेळ आहे, आणि नंतर तू परत येणार आहेस ना. ही तीन उत्तरं नसली की माणूस स्वतःच उत्तरं तयार करतो, आणि ती नेहमी वाईटच असतात.

म्हणून तिला मी पहिली गोष्ट सांगितली ती वेळेबद्दल. हे मागायचं दारात उभं राहून नाही. दमलेल्या माणसाच्या तोंडून गोड वाक्यसुद्धा तिरकं येतं. रविवारी सकाळी, पोहे खाताना, कुणी कुणावर चिडलेलं नसताना बोलायचं. ती साधारण असं बोलली: "ऐक ना, ट्रेनमधून उतरले की मला अर्धा तास कुणाचाच आवाज नको असतो. तुझा नको असं नाही, कुणाचाच नको. आठ वाजता मी स्वतः बाहेर येईन, मग आपण चहा घेऊ." त्यात कारण आलं, मुदत आली आणि परतीचं वचनही आलं. "मला जरा स्पेस हवीये" एवढंच म्हणाली असती तर त्याने त्या रात्री वकील शोधला असता.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात घोळ झाला, आणि तो मला फार शिकवून गेला. ती आत पडून मोबाइल बघायची. तो हॉलमध्ये व्हॉट्सॲप उघडायचा तर तिच्या नावाखाली "ऑनलाइन". एकदा तर दाराआडून तिच्या हसण्याचा आवाज आला. त्याच्या मते हिशोब सरळ होता: मैत्रिणीसाठी वेळ आहे, माझ्यासाठी नाही. त्याला चूक कसं म्हणणार? मी तिला मोबाइल टाकून दे म्हटलं नाही. आत काय करणार ते सांगून ठेव म्हटलं. "डोकं बंद करून रील्स बघणारे" हे आधी सांगितलं की त्यातलं गुपित संपतं. मैत्रिणीशी लांबलचक गप्पा मात्र त्या अर्ध्या तासात नको, त्या दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत.

दुसरा घोळ सासूबाईंचा. "सूनबाई रुसलीये का रे?" हा प्रश्न रोज हॉलमध्ये पडायचा आणि विझलेलं पुन्हा पेटायचं. आपल्याकडे करार दोघांत करून भागत नाही. आईला त्यानेच सांगितलं, तिने नाही. सुनेने सांगितलं असतं तर तो उद्धटपणा ठरला असता. मुलाने सांगितल्यावर तो दमलेल्या बायकोचा आराम झाला. हे न्याय्य नाही, पण चाललं.

सगळ्यात जास्त काम केलं ते परत येण्याने. आठला ती स्वतः बाहेर यायची, तो बोलावण्याआधी, आणि सकाळी त्याने सांगितलेली एखादी गोष्ट काढायची: "त्या क्लायंटच्या कॉलचं काय झालं रे?" बोलावल्यावर आलेली बायको आणि आपणहून आलेली बायको यात त्याच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक होता. महिनाभरात त्याने दार उघडून बघणं थांबवलं.

भांडणाच्या मध्येच बाहेर पडायचं असेल तर गोष्ट थोडी वेगळी. तेव्हा छाती धडधडत असते, कानात शब्द शिरत नाहीत. जॉन गॉटमन जोडप्यांच्या भांडणावरच्या संशोधनातून सांगतात की शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात, आणि त्या वेळात मनातल्या मनात वाद घोळवत बसलं तर विश्रांती फुकट जाते. खाली जाऊन सोसायटीला दोन चकरा मारा, पण "नऊला येतो, मग बोलू" म्हणून जा. न सांगता गेलात तर ती शिक्षा होते. अबोला धरून चार दिवस काढणं आणि याला स्पेस म्हणणं, हे मी तरी मान्य करत नाही. अर्ध्या तासाचे दोन तास झाले, मग जेवणही आत जायला लागलं, तर तो माणूस हप्त्याहप्त्याने घर सोडतोय; त्याबद्दल वेगळं बोलायला हवं. आणि उलट, नीट मागूनही जोडीदार दर वेळी लोकेशन मागवतो, फोन तपासतो, दार लावू देत नाही, तर प्रश्न तुमच्या वाक्यरचनेचा नाही. वाक्यं घासूनपुसून तो सुटणार नाही.

त्या जोडप्याची पुढची गंमत सांगायची राहिली. काही महिन्यांनी त्याने शनिवारी सकाळी एकट्यानेच ठाकुर्लीच्या बाजूला सायकल घेऊन जायचं ठरवलं. रीतसर सांगितलं: कारण, वेळ, दहाला परत, येताना वडापाव. ती पुढच्या बैठकीला तोंड पाडून आली आणि मला म्हणाली, "मॅडम, सगळं बरोबर सांगितलं हो त्याने. तरी मला वाटलंच, मी काय केलं?"

तो शेजारीच बसला होता. म्हणाला, "हेच मी रोज साडेसातला विचारत होतो." आणि मग दोघंही हसायला लागली.