साखर एकदा नॉर्मल आली, मग परत कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

«मॅडम, लेख वाचला आणि राग आला. मला पाचवा महिना आहे, पहिलंच. उंची १५५, आधीचं वजन ८२. दुसऱ्या महिन्यात साखर तपासली, नॉर्मल आली. तरी सव्विसाव्या आठवड्यात परत ग्लुकोज प्यायचं? माझी आजी माझ्यासारखीच जाड, तिची सात बाळंतपणं घरी झाली, कुणी साखर मोजली नाही. दवाखान्यात बीपी दर वेळी जास्त लागतं आणि सिस्टर सगळ्यांसमोर म्हणते, वजन बघा तुमचं. सासूबाई म्हणतात दोन जिवांचं खा. तुम्ही म्हणता वजन आटोक्यात ठेवा. म्हणजे नेमकं किती? नुसतं भीती घालून काय उपयोग?» – एक वाचक, जालना

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथं चूक माझी आहे. ‘आटोक्यात ठेवा’ असं लिहून आकडा न देणं म्हणजे ‘नीट जा’ म्हणून रस्ता न सांगण्यासारखं झालं.

तुमचा बीएमआय ३४ च्या आसपास येतो. तीसच्या वर बीएमआय असलेल्या बाईनं पूर्ण नऊ महिन्यांत ५ ते ९ किलो वाढावं, असं २००९ पासूनचं अमेरिकी मार्गदर्शन आहे आणि आम्हीही तेच धरून चालतो. हे कमी वाटेल, पण हिशोब करून बघा. लेकरू ३ किलोचं, वार अर्ध्या किलोहून थोडी जास्त, गर्भजल किलोभर, मोठं झालेलं गर्भाशय किलोभर, वाढलेलं रक्त दीडेक किलो. सात किलो इथंच झाले. म्हणजे लेकराला लागणारं सगळं मिळतं, फक्त तुमच्या अंगावर नवी चरबी फारशी चढत नाही. आतापासून आठवड्याला पाव किलोच्या आत-बाहेर, महिन्याला साधारण एक किलो. वजन कमी करायचं नाही, एकादशी-चतुर्थीचे उपास धरायचे नाहीत. सासूबाईंना सांगा, दोन जिवांचं खाते, पण दुसरा जीव अजून वीतभरच आहे.

आता दुसऱ्यांदा ग्लुकोज का. पहिली तपासणी सांगते की तुम्ही गरोदरपणात साखर घेऊन आलात का. पुढं काय होईल, ते ती सांगू शकत नाही. वार जशी वाढते तशी ती असे हार्मोन सोडते की आईच्या अंगात इन्सुलिन नीट लागू पडत नाही. निसर्गानं हे मुद्दाम ठेवलंय, लेकराला साखर मिळावी म्हणून. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करून ते भरून काढतं. ज्यांचं वजन आधीच जास्त, त्यांच्या अंगात हा अडथळा गरोदरपणाआधीपासूनच थोडा असतो, त्यावर हा दुसरा चढतो. हा ताण २४ ते २८ आठवड्यांत उघडा पडतो, म्हणून तपासणी तेव्हा.

माझ्याकडची एक बाई सांगते (तिला विचारून, ओळखीचे तपशील बदलून). लातूरजवळच्या खेड्यातली, उंची-वजन जवळपास तुमच्याइतकंच. नवव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजलं, दोन तासांनी साखर ११८. खुशीत गेली. सव्विसाव्या आठवड्यात तीच तपासणी, आकडा १६२. आपल्याकडे १४० किंवा वर गेलं की गरोदरपणातला मधुमेह धरतात. (उपाशी यायची गरज नसते. फक्त पाच-दहा मिनिटांत प्यायचं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.)

तिला त्रास काहीच नव्हता. या साखरेची बाहेरून खूणच दिसत नाही, आणि तुमच्या आजींना होती की नव्हती हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पण आईची जास्तीची साखर वारेतून लेकराकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग लेकरू स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, खांद्या-पोटाशी जाड होतं, आणि जन्मल्यावर वारेची साखर एकदम तुटली की त्याचीच साखर घसरते.

औषध लगेच दिलं नाही. ती दिवसभरात काय खाते ते विचारलं. भाकरी-वरण ठीक होतं. घोळ होता चार कप गोड चहाचा, सकाळच्या ताटभर सुशील्याचा आणि ‘ताकद यावी’ म्हणून रोज खाल्लेल्या दोन केळांचा. चहा दोन कप, बिनसाखरेचा. सुशील्याच्या जागी एक धपाटं आणि दही, मधल्या वेळी मूठभर फुटाणे, दोन्ही जेवणांनंतर वीस मिनिटं अंगणात फेऱ्या. ज्वारीची भाकरी तशीच ठेवली, फक्त तीनच्या दोन आणि सोबत उसळ. दोन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांची साखर ११६ आली. ती १२० च्या खाली हवी असते. खाली आली नसती, तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन द्यावं लागलं असतं, आणि तो तिचा दोष ठरला नसता.

बीपीचं तुमचं गाऱ्हाणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. तुमच्या दंडाला कुठला पट्टा बांधतात ते बघितलंत का? दवाखान्यातला नेहमीचा पट्टा साधारण ३२ सेंटिमीटर घेरापर्यंतच्या दंडासाठी असतो. जाड दंडाला तो तोकडा पडतो आणि बीपी खोटं जास्त दाखवतो. त्या बाईचा दंड ३६ चा. नेहमीच्या पट्ट्यानं १४६/९४, मोठ्या पट्ट्यानं १२८/८२. म्हणजे नुसत्या पट्ट्यापायी तिच्या मागं गोळ्या लागल्या असत्या. घरच्या टेपनं खांदा आणि कोपर यांच्या मधोमध घेर मोजा आणि ३२ च्या वर असला, तर ‘मोठा पट्टा आहे का’ म्हणून स्पष्ट विचारा. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. सिस्टरनं चारचौघांत वजनावरून बोलणं चूकच, आणि तसं बोलून झाल्यावर बायका तपासणीलाच येत नाहीत, हे मी दर महिन्याला बघते.

पण मोठ्या पट्ट्यानंही चार तासांच्या अंतरानं दोनदा १४०/९० किंवा वर आलं, तर ते खरं. त्या बाईचं चौतिसाव्या आठवड्यात तसंच झालं. साखर उत्तम, वजन एकूण सातच किलो वाढलेलं, तरी १४४/९४. लघवीत प्रोटीन नव्हतं, ते त्यातल्या त्यात बरं. मग गोळी, आठवड्यातून दोनदा बीपी, आणि अडतिसाव्या आठवड्यात कळा आणणारं औषध. मुलगी ३ किलो १०० ग्रॅमची, नॉर्मल बाळंतपण. सगळं पाळून बीपी का वाढलं, असं तिनं विचारलं. आहारानं साखर बरीच हातात येते, बीपी तितकं येत नाही. म्हणून ते मोजतच राहावं लागतं. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, बरगडीखाली दुखणं, सकाळी उठल्यावर सुजलेला चेहरा किंवा एका आठवड्यात किलोभर वजन, यातलं काही दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. १६०/११० ला तर तासाचीही वाट नाही.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात असेल. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात ही तपासणी फुकट होते.

डोहाळजेवण दणक्यात करा. लाडू एक खा, बाकीचे ओटी भरायला आलेल्यांना वाटा.

आणि सव्विसाव्या आठवड्यात तुमची साखर जास्त निघाली, तर सव्वा महिन्याच्या न्हाणीनंतर ग्लुकोजची तपासणी पुन्हा एकदा असते, मधुमेह मागं राहिला का ते बघायला. माझी ती बाई तोवर माहेरी गेली होती. तीन फोन केले, तेव्हा कुठं लेकीला घेऊन आली. ११२.