मागच्या सीटची झोप न मोडता घोषवाक्य कसे लिहावे

रस्ता सुरक्षा महिना आला की तुमच्यासारख्या यमक जुळवणाऱ्या माणसाला बरे दिवस येतात. समितीला घोषवाक्य हवे असते, शाळेला स्पर्धा घ्यायची असते, फ्लेक्सवाल्याला रात्रीपर्यंत मजकूर हवा असतो. यंदा विषय जरा अडचणीचा आहे: गाडीत मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावावा. पण घाबरून जाऊ नका. थोडी काळजी घेतली तर असे घोषवाक्य लिहिता येते की ते साहेबांना आवडेल, बक्षीस मिळेल आणि मागच्या सीटवरचा एकही बेल्ट जागचा हलणार नाही.

सुरुवात नेहमी ‘वाहनचालकांनो’ अशी करावी. मागे बसलेले काका वाहनचालक नाहीत, त्यामुळे ते निश्चिंत राहतात. उलट चष्मा कपाळावर ढकलून तेच फलक मोठ्याने वाचतील आणि पुतण्याला विचारतील, “काय रे, बेल्ट लावलायस ना?” एवढे विचारले की आपले कर्तव्य संपले, असे त्यांना वाटते. ‘मागे’ हा शब्द तर कटाक्षाने टाळा. कायदा करणाऱ्यांनी ती चूक केलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 138 व्या नियमात, पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवर बसणाऱ्यांनीही बेल्ट लावला पाहिजे, असे सरळ लिहून ठेवले आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला 1000 रुपये दंडही आहे. म्हणजे नियम जुना, दंड ठरलेला. तरीही “मागे पण लागतो?” हा प्रश्न दर लग्नसराईत नव्याने विचारला जातो. हे अज्ञान टिकवणे आता तुमच्या लेखणीच्या हाती आहे.

फलक कुठे लावायचा हेही आधीच सांगून ठेवा. टोलनाक्याच्या अलीकडे, उंचावर, चालकाला समोरून दिसेल असा. मागे बसलेल्याच्या डोळ्यांसमोर तिथे पुढच्या सीटची पाठ असते आणि हातात मोबाइल. त्या पाठीवर, हातभर अंतरावर, एखादी साधी चिठ्ठी डकवली तर तो ती नक्की वाचेल. म्हणूनच तिथे काही डकवू नये. टॅक्सीत ती जागा ‘दार हळू लावा’साठी राखीव असते.

आता आशय. यमराजाला बोलवा. रेडा, फास, चित्रगुप्ताची वही, सगळे येऊ द्या. यमराज यमकाला सोपा आणि मागच्या सीटला पूर्ण निरुपद्रवी. मागे बसणाऱ्याला मरणाची भीती नसते असे नाही, पण त्याच्या हिशेबात मरण समोरून येते, म्हणजे त्याला आधी इंजिन, मग डॅशबोर्ड, मग पुढचे दोघे अशी रांग लावूनच यावे लागेल. आपला नंबर शेवटचा. शिवाय पुढची मऊ सीट आहेच, आदळलो तर गादीवर आदळू. या समजुतीला यमराज धक्कासुद्धा लावत नाही. तो आपला पुढच्या काचेवर बसून ड्रायव्हरकडे बघत राहतो.

त्या समजुतीला धक्का लागतो तो हिशेबाने, म्हणून हिशेब घोषवाक्याच्या आसपासही फिरकू देऊ नका. काय टाळायचे ते कळावे म्हणून एकदाच मांडतो.

रविवारी पुण्याहून वाईला जेवायला निघालेली गाडी घ्या. पुतण्या चालवतोय, शेजारी सूनबाई, दोघांचे बेल्ट लावलेले. मागे काका-काकू, बेल्टशिवाय. काकू पुतण्याच्या बरोबर मागे, वजन 60 किलो. वेग ताशी 50, म्हणजे काकांच्या भाषेत ‘चालल्यासारखाच’. समोर वळणारा ट्रक, आणि गाडी त्यावर आदळते. गाडीचे नाक अर्धा-पाऊण मीटर चेपत जाते आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात गाडी थांबते. बेल्ट लावलेला पुतण्या गाडीला बांधलेला आहे, म्हणून तोही त्या चेपण्याबरोबर थांबत जातो. काकूंना कशालाच बांधलेले नाही. गाडी थांबली हे त्यांच्या शरीराला कोणी कळवलेलेच नाही. त्या ताशी 50 नेच पुढे जात राहतात आणि पुतण्याच्या सीटच्या पाठीवर जाऊन थांबतात. तिथे थांबायला फार तर वीतभर जागा. गाडीबरोबर थांबल्या असत्या तर त्यांच्यावर सरासरी आठ-नऊशे किलो वजनाएवढा जोर आला असता, तोही खांदा, छाती आणि कमरेच्या हाडांवर वाटून. वीतभरात थांबायचे म्हणजे तोच जोर अडीच-तीन टनांच्या घरात जातो. तो गुडघे, तोंड आणि मान मिळून घेतात, आणि उरलेला पुतण्याच्या पाठीला मिळतो. त्याला समोरून बेल्टने धरून ठेवलेले, मागून काकू.

काका म्हणतील, मी पुढच्या सीटला हात टेकवून बसतो की. बसू द्या. गव्हाचे पोते उचलताना कमरेला हात लावणारा माणूस अडीच-तीन टन हातांवर पेलणार असेल, तर त्याच्या आत्मविश्वासाला घोषवाक्याने तडा जाऊ नये. उंचीच्या भाषेत सांगायचे तर ताशी 50 ने आदळणे म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडणे. गॅलरीच्या कठड्यावर काका नातवाला बसू देत नाहीत, गाडीत मात्र त्याला मांडीवर घेऊन बसतात.

तुम्हाला मोह होईल की घडलेल्या घटनांचा दाखला द्यावा. देऊ नका, फार परिणामकारक असतो. 3 जून 2014 रोजी गोपीनाथ मुंडे दिल्लीत गाडीच्या मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. केंद्रात मंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. मागचा बेल्ट शोभेसाठी असतो असे बहुतेकांना वाटते, तो लावला असता तर ते वाचले असते, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन म्हणाले. महाराष्ट्र हळहळला. पुढे 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडीत चौघे. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे गेले, आणि त्यांनी बेल्ट लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मरणाची ती रांग तिथे उलट्या बाजूने लागली. गाडी महागडी आणि भक्कम बांधणीची होती, त्यामुळे ‘आपली गाडी मजबूत आहे’ हेही उत्तर उरले नाही. मग चर्चा झाली, मुंबईत 1 नोव्हेंबरपासून सर्व प्रवाशांना बेल्टची सक्ती जाहीर झाली, आणि काही दिवस मागच्या सीटवर हात चाचपडताना दिसले. ते का चाचपडत होते, तिकडे येतोच.

त्याआधी एक इशारा. ब्रिटनमध्ये मोठ्यांना मागचा बेल्ट 1991 पासून सक्तीचा झाला, तरी लोक कंटाळा करत. तेव्हा 1998 मध्ये तिथे एक सरकारी जाहिरात आली. आई गाडी चालवतेय, तिचा बेल्ट लावलेला. मागे मुलगा, बेल्ट नाही. गाडी आदळते, मुलगा पुढे फेकला जातो, आणि मरते ती आई, त्याच्या वजनाने. ‘बेल्ट लाव, नाहीतर मरशील’ असे त्या जाहिरातीने म्हटलेच नाही. ‘नाहीतर मारशील’ असे म्हटले. यामागे नुसती भावना होती असेही नाही. जपानमधल्या अपघातांच्या नोंदी तपासून 2002 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात, मागचे प्रवासी बेल्टशिवाय असतील तर पुढे बेल्ट लावून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे पाचपट होतो, असे दिसले. स्वतःच्या मरणाला ‘देवाची इच्छा’ म्हणणाऱ्या काकूंना ‘तुमच्यामुळे पोरगं जाईल’ असे सांगितले तर त्या तिथल्या तिथे बेल्ट मागतील. असले वाक्य चुकूनही लिहू नका.

आणि समजा काकूंनी मागितलाच, तरी फार काळजी नको. तो सापडणार नाही. नवी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात सीटकव्हर चढते, आणि लाल बटणाची ती बक्कल कव्हरखाली गाडली जाते. वर टर्किशचा टॉवेल, टॉवेलवर उशी. फटीत हात घातला तर चिवड्यातले शेंगदाणे, दोन रुपयांचे नाणे, हरवलेली केसांची पिन, सगळे हाती लागते, बक्कल तेवढी लागत नाही. लागली तर ती मधल्याची निघते. त्यातून तिघांच्या सीटवर चौघे बसलेले असले की प्रश्नच मिटला, चौथ्याला बेल्ट लावायला सांगणे म्हणजे त्याला एसटीने यायला सांगणे. नव्या गाड्यांत आता मागच्या सीटसाठीही पिं-पिं होते, त्यावर उपाय म्हणून बक्कलमध्ये खुपसायची चपटी क्लिप आहेच. मे 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन बाजारांना ती विकणे बंद करायला लावले. एका आवाजाने सतावलेल्या माणसाला आपण किती साधने पुरवतो पहा.

एवढे सगळे पार करून बेल्ट लागलाच, तर तो पदर चुरगळू नये म्हणून काखेखालून घेतला जातो आणि खालचा पट्टा पोटावर, जेवण झाल्यावर त्रास होऊ नये इतका सैल. वरचा पट्टा खांद्याच्या हाडावरून आणि खालचा मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे. पोटावर असला तर धक्का आतड्यांना बसतो, काखेखाली असला तर बरगड्यांना. पण हे घोषवाक्यात बसत नाही, म्हणून सोडून द्या.

आता बाद होणाऱ्या प्रवेशिकेचा नमुना देतो, म्हणजे चूक ओळखता येईल. मागच्या वर्षी एका शाळेतल्या स्पर्धेत सातवीतल्या मुलीने लिहिले होते: “आजी, बेल्ट लाव, तुझ्यापुढे बाबा बसलाय.” यमक नाही. यमराज नाही. वाहनचालकांना आवाहन नाही. आजीला थेट ‘लाव’ म्हणण्याचा उद्धटपणा वेगळाच. परीक्षकांनी तिला उत्तेजनार्थसुद्धा दिले नाही. पहिले बक्षीस ‘वेगाशी करू नका मैत्री, नाही जीवनाची खात्री’ला गेले, कारण ते कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही सीटला, कुठल्याही वर्षी चालते. मुलीचे वाक्य फ्लेक्सवर घेऊन पाहिले होते म्हणतात. पण ते इतके मोठ्या अक्षरांत चांगले दिसायला लागले की मान्यवरांच्या सहा फोटोंना जागा उरेना.