विनोद तयार आहे, नाव सुचवा

वडोदऱ्यात मराठी स्टँड-अपचा तासाभराचा कार्यक्रम बसवणं जमून जातं. अर्धा तास ऑफिस, अर्धा तास गाडी. अहमदाबाद किंवा अंकलेश्वरला रोज अपडाउन करणारा माणूस घरोघरी असल्यामुळे मजकुराचा तुटवडा नाही. खरी कसोटी नावाची. विनोद सुचायला निदान थोडी बुद्धी लागते. नाव सुचवायला दांडिया बाजारातल्या कुठल्याही काकांना चहाचा अर्धा कपही पुरतो.

काकांचं पहिलं नाव ठरलेलं असतं: ‘लोकल’. ते तिथेच खोडावं. लोकल मुंबईची. आपल्याकडे मेमू आहे, इंटरसिटी आहे आणि मासिक पास आहे. ‘लोकल’ वाचून आलेला प्रेक्षक डोंबिवलीची वाट बघत बसतो आणि कलाकार मियागाम-करजणला मागच्या एक्स्प्रेसला वाट देत थांबलेला असतो.

दुसरं नाव ‘अपडाउन’. शब्द अस्सल इथला, मोह होणारच. पण त्यात फक्त गाडी आहे, ऑफिस प्लॅटफॉर्मवरच राहून जातं. शिवाय नेटवर शोधलं तर शेअर बाजार वर आणि कार्यक्रम खाली. ‘केआरए’, ‘अप्रेझल’ या नावांची गत उलटी: गाडी सुटते, आणि शनिवारी संध्याकाळी पैसे देऊन ‘अप्रेझल’ बघायला कोण येईल? ते वर्षातून एकदा फुकटात होतं.

माझं ठाम मत असं, की नाव म्हणजे विषय नव्हे. कुणीतरी कुणाला तरी म्हटलेलं वाक्य हवं. म्हणून नाव शोधायला स्वतःच्याच संहितेत शिरावं. दोन्ही अर्ध्यांत जे वाक्य पात्रांच्या तोंडी येतं, त्याखाली रेघ मारावी. हशा ज्या ओळीवर संपतो ती ओळ मात्र घेऊ नये. ती पोस्टरवर छापली, की रंगमंचावर शिळी होते.

अशा शोधात ‘जरा सरका’ सापडतं. तिघांच्या बाकावर चौथा टेकवताना म्हणायचं ते. ऑफिसात नवा साहेब आला, की जुन्यांच्या खुर्च्या सरकतात, तिथेही ते लागू पडतं. अक्षरं पाचच. व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर फिरतं तेव्हा ते अंगठ्याएवढं दिसतं. सात-आठ अक्षरांपुढचं नाव त्यात मुंग्यांची रांग होतं.

आता परीक्षा. एकाने स्टेशनवर, घोषणा चालू असताना, नाव फोनवर एकदाच सांगायचं. पलीकडच्याने जे ऐकलं ते मोबाइलवर टाइप करून पाठवायचं. उत्तर येतं: ‘जरा सरकार’. घोषणेच्या गोंगाटात शेवट कळत नाही, आणि उरलेली चूक कीबोर्ड प्रेमाने पूर्ण करतो. मग सभागृहाचे व्यवस्थापक हळूच विचारतात, “राजकीय काही नाही ना, भाऊ?”

इथे नाव फेकून देऊ नये, वाक्याची फक्त शेपटी बदलावी. ‘सरकून बसा’. गाडीत तेच, ऑफिसात तेच, आणि ‘सरकून’चं सरकार करण्याचं धैर्य कीबोर्डला होत नाही. गुजराती शेजाऱ्यालाही अर्थ लागतो. तो मात्र धोका आहे! त्याला नाव कळलं म्हणून तो सहकुटुंब येतो, आणि पुढचा तासभर सभ्यपणे इतरांच्या अर्धा सेकंद मागून हसतो. म्हणून नावाखाली, नावाच्या निम्म्या आकारात तरी, ‘मराठी स्टँड-अप’ हे लिहायलाच हवं. कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत लिहिलं तर ते फक्त छापणाऱ्याला दिसतं.

मग इन्स्टाग्राम. तिथल्या खात्याच्या नावात देवनागरी चालत नाही, उद्गारचिन्हही नाही. रोमन अक्षरं, आकडे, टिंब आणि अंडरस्कोर, तेही तीसच्या आत. `sarkunbasa` आणि `sarkoonbasa` ही दोन्ही नावं पोस्टर छापायच्या आधी घेऊन ठेवावीत, कारण निम्मं गाव ‘ऊ’साठी दोन ओ लावतं. दुसऱ्या खात्यावर पहिल्याचा पत्ता टाकला की झालं. आधी पोस्टर आणि मग खातं असा क्रम लावला, तर नाव मिळेपर्यंत शेपटाला `_official_2` लागतं आणि कार्यक्रम सरकारी परिपत्रकासारखा दिसू लागतो.

एवढं करूनही या नावात एक मेख आहे. ‘सरकून बसा’ नावाच्या कार्यक्रमाला दोनशे खुर्च्यांत चाळीस डोकी असली, तर पहिला हशा पडदा उघडायच्या आधीच पडतो, आणि तो कलाकाराचा नसतो. त्यामुळे ऐंशी लोक येतील असं वाटलं तर साठच खुर्च्या मांडाव्यात. बाकीच्या वीस विंगेत रचून ठेवाव्यात, आणि त्या आणताना होणारा खडखडाट बंद पडेपर्यंत माइक सुरू करू नये.