निनावी म्हणून फिरणारे कागद

“पेशंटचे किंवा पक्षकाराचे कागद टायपिंगला बाहेर द्यायचे असतील तर नाव खोडायचं आणि आधार नंबरवर काळी पट्टी मारायची. शेवटचे चार आकडे झाकले तरी पुरतं. पत्ता राहिला तरी चालतो, नाव नसल्यावर कोण ओळखणार? फोटो व्हॉट्सॲपवर टाका, टाइप होऊन आलं की डिलीट करा. कायदा मोठ्या कंपन्यांना आहे, आपल्या टायपिंग सेंटरला नाही.”

टायपिंग आणि डीटीपी करणाऱ्यांच्या गटांमध्ये हा संदेश वरचेवर येतो आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. सांगलीत कोर्टाचे आणि मिरजेत दवाखान्यांचे कागद टाइप करण्यातच माझा दिवस जातो, त्यामुळे या सल्ल्याने काम केलेले कागदही माझ्याच टेबलावर येतात. त्यांत जे दिसले त्याच्या आधारे एकेका मुद्द्याचे उत्तर देते.

आधी पट्टी. पट्टी कशावर मारली यावर सगळे अवलंबून आहे. मध्यंतरी एका विमा दाव्याची पीडीएफ माझ्याकडे आली. तिच्यात आधार क्रमांकावर नीट काळा चौकोन होता. ती ओळ मी माउसने निवडली, कॉपी केली आणि नोटपॅडमध्ये पेस्ट केली, तेव्हा बाराही आकडे समोर उभे राहिले. कारण साधे आहे. स्कॅन करणाऱ्याने अक्षरओळख चालू ठेवली होती, त्यामुळे चित्रामागे मजकुराचा एक अदृश्य थर तयार झाला होता, आणि चौकोन फक्त वरच्या चित्रावर बसला होता. वर्डमध्ये काढलेल्या चौकोनाचेही असेच होते. फोनमध्ये फोटोवर हायलायटरने रेघोट्या ओढल्या तर रंग अर्धपारदर्शक असल्यामुळे उजळपणा वाढवल्यावर खालचे आकडे पुन्हा वाचता येतात. कागदावर स्केचपेन फिरवला तरी तो कागद खिडकीशी धरल्यावर किंवा उलटा केल्यावर अक्षर दिसते.

यावर माझा उपाय जुनाच आहे. फोटो काढण्याआधी त्या आकड्यांवर जाड पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची, म्हणजे आकडे कॅमेऱ्यात जातच नाहीत. मूळ कागद हातात नसेल तर प्रत छापून घ्यावी, तिच्यावर कागद चिकटवावा, तिची झेरॉक्स काढावी आणि स्कॅन त्या झेरॉक्सचा करावा. पीडीएफ पुढे पाठवण्यापूर्वी `Ctrl+F` दाबून क्रमांकातले चार आकडे शोधावेत. काहीच सापडले नाही तरी झाकलेली ओळ निवडून एकदा पेस्ट करून पाहावी, कारण अक्षरओळखीत एखादा आकडा चुकलेला असला तर शोधात तो क्रमांक येत नाही. आधार कार्डावरचा क्यूआर कोड मात्र बहुतेक जण उघडाच ठेवतात. त्यात नाव, जन्मतारीख आणि पत्ता असतो, म्हणून तो चौकोनही पूर्ण झाकला पाहिजे.

आता शेवटच्या चार आकड्यांविषयी. आधारचा बारावा आकडा स्वतंत्र नसतो. आधीच्या अकरा आकड्यांवरून व्हर्होफ नावाच्या पद्धतीने तो काढलेला असतो, म्हणजे टाइप करताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर चूक पकडता येते. शेवटचे चार झाकले तर वरवर दहा हजार शक्यता उरतात असे वाटते, पण तपासणीचा आकडा त्यांतल्या नऊ हजार बाद करतो. उरतात एक हजार, आणि एवढे क्रमांक संगणक क्षणात लिहून काढतो. आधार प्राधिकरणाकडून मिळणाऱ्या झाकलेल्या आधारमध्ये पहिले आठ आकडे लपवून शेवटचे चार उघडे ठेवतात. एकाच फाइलमध्ये एका पानावर ही प्रत असेल आणि दुसऱ्या पानावर या संदेशाप्रमाणे शेवटचे चार झाकलेले असतील, तर दोन पाने शेजारी ठेवणाऱ्याला पूर्ण क्रमांक मिळतो. मजकुरासाठी क्रमांकाची गरजच नसेल तर बाराही आकडे काढावेत, आणि गरज असेल तर संपूर्ण फाइलमध्ये झाकण्याची एकच रीत ठेवावी. पॅनबद्दल एवढेच सांगते, की व्यक्तीच्या पॅनमधले पाचवे अक्षर सहसा आडनावाचे आद्याक्षर असते. नाव खोडून पॅन तसाच ठेवला तर खोडलेल्या नावाचा एक धागा कागदावरच राहतो.

या संदेशातला सर्वांत धोकादायक भाग माझ्या मते पत्त्याचा आहे, कारण तो लिहिणाऱ्याने शहरातल्या वाचकाचा विचार केला आहे, गावातल्या वाचकाचा नाही. एक कागद घेऊन पाहू. तपशील मी बदलले आहेत, पण ठेवण खरी आहे. डिस्चार्ज कार्डवर नाव खोडलेले आहे. खाली लिहिले आहे: पुरुष, वय ६२, जत तालुक्यातले एक गाव, अमुक गट नंबर, माने वस्ती, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस, सोबत थोरला मुलगा.

वस्तीच्या नावातच आडनाव आहे. आपल्याकडे मळे आणि वस्त्या तिथे राहणाऱ्या भावकीच्या आडनावाने ओळखल्या जातात, त्यामुळे नाव खोडणाऱ्याने आडनाव पुढच्याच ओळीत ठेवले. पुढे गट नंबर आहे. गाव आणि गट नंबर माहीत असला की शासनाच्या भूलेख संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो आणि त्यावर खातेदारांची नावे असतात. मग मतदार यादी आहे. तिच्यात नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, लिंग आणि घर क्रमांक छापलेला असतो. हजार-बाराशे मतदारांच्या गावात बासष्ट वर्षांचे पुरुष किती असतील? हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. त्यांतले माने वस्तीवरचे आणि त्या गटाचे खातेदार एक किंवा दोन. आणि गावातल्याच माणसाला यातले काहीही शोधावे लागत नाही. मंगळवार-शुक्रवारी सकाळच्या एसटीने मुलासोबत मिरजेला कोण जाते, हे सगळ्या स्टँडला ठाऊक असते.

म्हणून झाकायला घेताना मी आधी हे विचारते, की हा कागद रुग्णाच्या शेजाऱ्याच्या हातात पडला तर त्याला काय कळेल. त्या कसोटीवर गट नंबर, वस्ती, गाव, वार, सोबतच्या नातेवाइकाचे नाते आणि दवाखान्याचा नोंदणी क्रमांक हे सारे आधार क्रमांकाइतकेच ओळख पटवणारे ठरतात. अपघाताच्या कागदांत त्यात गुन्हा नोंद क्रमांक आणि गाडीचा नंबर यांची भर पडते. संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम माहिती अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवले जातात, त्यामुळे ठाणे आणि क्रमांक मिळाला की पक्षकारांची नावे मिळतात.

वरचे कार्ड अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी टाइप करायचे असेल तर मी ते असे लिहिते: “रुग्ण-१, पुरुष, वय साठ ते पासष्ट, सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, आठवड्यातून दोनदा डायलिसिस.” तारखांच्या जागी दाखल झाल्याचा दिवस पहिला धरून पाचवा दिवस, नववा दिवस असे मोजते, म्हणजे उपचारांचा क्रम आणि अंतर शाबूत राहते. रुग्ण-१ म्हणजे कोण, ही नोंद एका वहीत हाताने करते. वही कुलुपात असते आणि तिचा फोटो कुणीही काढत नाही. एका फाइलमध्ये रुग्ण-१ ठरला की तोच माणूस दुसऱ्या पानावर रुग्ण-३ होऊ नये, एवढी खबरदारी घ्यावी लागते, नाहीतर तपासणाऱ्या डॉक्टरांचा गोंधळ होतो. कोर्टात किंवा विमा कंपनीकडे जाणाऱ्या प्रतीत मात्र खरे नाव आणि पत्ता लागतोच. अशी प्रत झाकून उपयोग नाही. ती बाहेर न पाठवता ज्याच्याकडे कागद आहे त्याच्याच समोर, त्याच्याच संगणकावर टाइप करावी. ताडून पाहताना क्रमांक मोठ्याने वाचण्याची सवयही सोडावी, कारण टायपिंग सेंटरच्या बाकावर आणखी चार माणसे बसलेली असतात.

डिलीट करण्याच्या सल्ल्याने विषय संपत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो अनेक फोनमध्ये आपोआप गॅलरीत उतरतो आणि तिथून क्लाउडवरच्या साठ्यात जातो. चॅटमधला संदेश पुसला तरी या दोन्ही प्रती तिथेच असतात. संगणकात रिसायकल बिन, वर्डने मधूनमधून आपोआप जतन केलेली प्रत आणि पेनड्राइव्ह या तीन जागा विसरल्या जातात. वर्डमध्ये बदलांची नोंद चालू असेल तर खोडलेले नाव फाइलमध्येच राहते आणि ते पाहायला कुणालाही एक क्लिक पुरते. काम सुरू होण्याआधी गॅलरीत उतरवणे बंद करणे, हे काम संपल्यावर पुसत बसण्यापेक्षा सोपे आहे. त्याहून बरे म्हणजे कागद स्वतः जाऊन घ्यावा आणि परत द्यावा. मिरज ते सांगली हे अंतर त्यासाठी फार नाही.

कायद्याबाबतचे विधान सरळ चुकीचे आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डिजिटल स्वरूपात घेतलेल्या माहितीला लागू होतो, तसाच कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाही लागू होतो, आणि आपण टाइप करतो तेव्हा नेमके हेच घडते. स्वतःच्या घरगुती कामासाठी कागद टाइप करणाऱ्याला सूट आहे, दुसऱ्याचे कागद पैसे घेऊन टाइप करणाऱ्याच्या कामाला ती नाही. दवाखान्याने काम बाहेर दिले तरी जबाबदारी दवाखान्याचीच राहते, त्यामुळे आपल्या चुकीचा पहिला जाब त्यांना द्यावा लागेल आणि ते तो आपल्याला विचारतील. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संस्थांवरची बहुतेक कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. पण तोवर मोकळीक आहे असे समजू नये. आधार क्रमांक जाहीर करण्याला २०१६ च्या आधार कायद्यानेच मनाई आहे, आणि एचआयव्हीबाधित व्यक्तीची स्थिती उघड करण्याला २०१७ च्या कायद्याने.

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. काही कागद कितीही झाकले तरी निनावी होत नाहीत. मागे एका दुर्मिळ आजाराचा अहवाल टायपिंगसाठी आला होता. आजाराचे नाव आणि तालुका एवढेच ठेवले तरी ते कुटुंब त्या भागातल्या कुणालाही ओळखता आले असते, आणि आजाराचे नाव काढले तर अहवालात काही उरत नव्हते. तो मी टाइप न करता डॉक्टरांना परत दिला आणि कारण सांगितले. त्यांनी तो त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच लॅपटॉपवर माझ्याकडून टाइप करून घेतला. मी घरी परतले तेव्हा माझ्याकडे त्याची एकही प्रत नव्हती.