एका अक्षरासाठी अडकलेला फॉर्म

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की तिथं पाय ठेवायला जागा नसते. डिजिलॉकरमधून कागद आणायचं काम मी रोज करते आणि मला ते मनापासून आवडतं. झेरॉक्स नको, अटेस्टेशन नको, कागद हरवायची भीती नको. पण गेल्या महिन्यात माझ्या सख्ख्या भाचीचाच प्रवेशाचा फॉर्म कागदपत्र तपासणीत अडकला, आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

स्नेहलनं फॉर्म घरीच भरला होता. मला म्हणाली, "आत्या, कायच अडचण आली नाही बघ. मार्कलिस्ट दाबली की आली." चार दिवसांनी शेरा आला: अर्जातील नाव व गुणपत्रिकेतील नाव जुळत नाही.

मी तिच्याकडून क्रम विचारून घेतला. आधी तिनं आधार कार्ड समोर ठेवून नाव टाईप केलं, SNEHAL SAMBHAJI CHOUGULE. मग लॉकरचं बटण दाबलं, ओटीपी टाकला, संमतीच्या पानावर 'Allow' केलं. दहावीचा बैठक क्रमांक आणि वर्ष टाकल्यावर गुणपत्रिका आली. त्याच क्षणी नावाच्या चौकटीतलं तिचं टाईप केलेलं नाव पुसलं गेलं आणि तिथं CHOUGALE SNEHAL SAMBHAJI आलं. घोषणापत्राच्या पानावर मात्र पहिलंच नाव राहिलं. एका अर्जावर दोन नावं छापली गेली आणि पोरीला कळलंसुद्धा नाही, कारण फॉर्मनं तिला काही विचारलंच नाही.

हे का होतं ते सांगते. लॉकरमधून येणारा कागद आपल्याला पीडीएफ दिसतो. बऱ्याच कागदांच्या मागं त्याचीच माहिती यंत्राला वाचता येईल अशा एक्सएमएल स्वरूपात असते आणि फॉर्म वाचतो ती. त्यात नाव साधारण असं बसलेलं असतं:

```
<IssuedTo>
  <Person name="CHOUGALE SNEHAL SAMBHAJI" />
</IssuedTo>
```

फॉर्म ही ओळ उचलतो आणि आपल्या चौकटीत टाकतो. काही कागदांना ही एक्सएमएल नसतेच. तिथं नुसतं पीडीएफ जोडलं जातं, नाव जुळतंय का हे यंत्र बघत नाही, आणि चूक थेट तपासणाऱ्या माणसाच्या टेबलावर जाऊन उघडी पडते.

आता स्नेहलच्या नावात दोन वेगवेगळे फरक आहेत, आणि माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. पहिला फरक क्रमाचा. आपल्याकडे बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेकांचं शेवटी असतं. याला चूक म्हणायचं कारण नाही. अक्षरं सगळी कॅपिटल करावीत, जादाच्या स्पेस आणि टिंबं काढावीत, शब्द सुटे करून जुळवावेत, की हा फरक मिटतो. फॉर्म बनवणाऱ्यांना हे काम अवघड नाही, आणि एवढ्यासाठी लाल रेघ दाखवून पोरांना घाबरवू नये.

दुसरा फरक U आणि A चा. तो खरा फरक आहे. आपल्या भागात चौगुले हे आडनाव इंग्रजीत Chougule, Chougale, Chaugule असं तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. बोलताना कुणाला फरक पडत नाही, पण कागदावर ती वेगवेगळी माणसं होतात. इथं यंत्रानं "जवळपास सारखंच आहे" म्हणून पुढं जाऊ देणं मला धोक्याचं वाटतं. एका अक्षरानं सख्खी चुलत भावंडं एकमेकांच्या जागी जाऊ शकतात. इथं फॉर्मनं थांबायला पाहिजे. दोन्ही नावं एकाखाली एक दाखवावीत, वेगळं अक्षर रंगवावं आणि विचारावं: तुमच्या टाईपमध्ये चूक आहे, की मूळ कागदात? आणि मूळ कागदात असेल तर 'लॉकरमधले कागद इथून दुरुस्त होत नाहीत' हे तिथंच सांगावं.

कारण ते खरंच होत नाहीत. लॉकरच्या 'Issued' भागातला कागद ज्यानं दिला त्याच्या नोंदीतून येतो. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद वेगळ्या भागात जातो, त्याला ते वजन नाही. 'Issued' कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे, २०१६ च्या डिजिटल लॉकर नियमांत २०१७ साली दुरुस्ती होऊन तसं झालं. ही सोय मोठी आहे, पण त्यातली चूकही तेवढ्याच वजनानं येते.

संध्याकाळी दादा दुकानात आला. म्हणाला, "एका अक्षराला काय हुतंय? आधारच बदलून टाकूया की, मार्कलिस्टसारखं करूया." दुकानात हाच सल्ला मी रोज ऐकते आणि दर वेळी अडवते. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. चुकीच्या कागदाशी जुळवायला त्यातली एक संधी का घालवायची? मी त्याला घरातले सगळे कागद आणायला लावले. जन्मदाखला, शाळेचा दाखला, त्याचं स्वतःचं पॅन, सगळीकडे U. A फक्त दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिकांवर. म्हणजे दहावीचा परीक्षा अर्ज भरताना एक अक्षर चुकलं, आम्ही कुणी ते वाचलं नाही आणि पुढं बारावीला तेच उतरलं.

पण दुरुस्तीला वेळ लागणार होता आणि फॉर्म दुरुस्त करायला दोनच दिवस होते. चौकटीवरचं लेबल वाचलं: 'दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे नाव'. मग तिथं गुणपत्रिकेप्रमाणे, चुकीच्या A सकट, त्याच क्रमानं नाव ठेवलं. घोषणापत्रातही तेच केलं. आधारच्या चौकटीत आधारप्रमाणे U. सोबत दोन्ही नावं एकाच विद्यार्थिनीची असल्याचं हमीपत्र आणि शाळेचा दाखला जोडला. तिसऱ्या दिवशी फॉर्म पास झाला. चौकट ज्या कागदाचं नाव मागते त्या कागदावरचं नाव तिथं द्यावं, आपल्याला बरोबर वाटतं ते नव्हे, हे मी आता प्रत्येकाला सांगते. आणि माझ्या दुकानात मी क्रमच बदललाय: पहिल्यांदा लॉकरमधून कागद आणायचा, पोराला स्क्रीनवर अक्षर अक्षर वाचायला लावायचं, मगच टायपिंगला हात लावायचा. माणशी पाच मिनिटं जास्त जातात. जाऊ देत.

गुणपत्रिकेची दुरुस्ती थेट बोर्डाकडं जाऊन होत नाही, शाळेमार्फत होते. मुख्याध्यापकांच्या पत्रासोबत शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा लावून प्रस्ताव कोल्हापूर विभागीय मंडळाकडं गेला. कोल्हापूर, सांगली, सातारा, तिन्ही जिल्ह्यांचं काम इथंच चालतं. दुरुस्ती झाल्याचं कळलं तेव्हा स्नेहलनं मोबाईलमध्ये सेव्ह केलेलं पीडीएफ उघडलं आणि तिचा चेहरा पडला, त्यात A तसाच होता. ती जुनी उतरवून ठेवलेली प्रत, ती आपोआप बदलत नाही. लॉकरमधली जुनी गुणपत्रिका काढली, बैठक क्रमांक टाकून परत मागवली. या वेळी CHOUGULE आलं. तिनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, एकेक अक्षर सुटं करून.

बारावीची अजून तशीच आहे. सोमवारी तिच्या कॉलेजात अर्ज घेऊन जायचंय.