आजीचे मेसेज दुप्पट वेगाने ऐकू नका

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फर्मान निघालं. ‘मोठ्या मंडळींनी व्हॉइस मेसेज टाकू नयेत, टाइप करावं. ऐकायला वेळ नसतो.’ खाली आठ-दहा अंगठे. माझं डोकंच फिरलं. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, जोडाक्षर शोधण्यात तिचा निम्मा दिवस जातो. आणि तिने टाइप करायचं, कारण तुम्हाला दीड मिनिट जड होतंय?

वेळ नाही म्हणून तुम्ही काय करता तेही माहीत आहे. ते 2x दाबता. आमच्याही घरात तेच चालतं, आणि त्यातून मे महिन्यात जे झालं ते आता सांगतेच.

आईने पावसहून हापूसची पेटी पाठवली होती. मी ऑफिसात, म्हणून मेसेज नातीला. तो अजून माझ्याकडे आहे. ‘हं, चालू झालं का हे? अगं सोन्या, पेटी येत्ये संध्याकाळपर्यंत. आंबे अजून तयार नाहीत हो. खाली पेंढा दे, मधे आंबे, वर पेंढा दे. आणि शेजारच्या काकूंनाही दे थोडा, त्यांचीही पेटी आल्ये.’ मागे कुकरची शिट्टी, आणि कोंबडा.

लेकीने हे 2x वर ऐकलं. ‘पेंढा’चा ‘पेढा’ झाला, ‘मधे आंबे’ शिट्टीत गेलं. आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर. मग पोरीने काय समजावं? खाली पेढा दे, वर पेढा दे, शेजारच्या काकूंनाही दे! दहा वर्षांची पोर, डोंबिवलीत वाढलेली, पेंढा तिने कधी बघितलेला नाही. तिने खणातले पैसे घेतले, कोपऱ्यावरून अर्धा किलो पेढे आणले आणि फ्रॉक बदलून वाटायला निघाली. का वाटतेस विचारलं की उत्तर एकच, ‘आजीने सांगितलंय.’

खालच्या काकांनी ठरवलं, माझं प्रमोशन झालं. वरच्या वहिनींनी ठरवलं, माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जमलं, आणि त्यांनी तिला पुण्याला फोनच लावला. ती बिचारी मीटिंगमध्ये ‘कोणाशी?’ एवढंच विचारत राहिली. मी घरी आले तर दारात शेजारच्या काकू नारळ घेऊन उभ्या.

मान्य, गाडी चालवताना तीन मिनिटांचा मेसेज ऐकता येत नाही. मग घरी येऊन ऐका ना.

आणि तो पेंढा काही उगाच नव्हता. हापूस झाडावरून पूर्ण वाढलेला पण कच्चा उतरवतात, तो आढीत पिकतो. आईने मग फोनवर सगळं पहिल्यापासून सांगितलं, हसून हसून तिला धाप लागली होती. पेटीतला पेंढा पुरणार नाही, आंबेवाल्याकडे माग, तो रिकाम्या पेट्यांतला फेकूनच देतो. पलंगाखाली गोणपाट, त्यावर पेंढा, मग आंबे एकाच थरात, एकमेकांना न चिकटवता, वर परत पेंढा. एक दिवसाआड हात घालून बघ. देठाजवळ काळा डाग दिसला की तो आंबा आधी बाहेर, नाहीतर शेजारचाही जातो. आठ-दहा दिवस लागतात, उकाडा असेल तर आधीच. रंग पिवळा झाला तरी घाई नको. देठाजवळ वास आला आणि बोटाला किंचित मऊ लागला की काढ.

हे सगळं आता टाइप करून पाठव म्हणावं तिला! आंबा किती मऊ, हे ‘किंचित’ म्हणताना तिचा आवाज कसा बारीक होतो, ते कुठल्या अक्षरात येणार आहे?

लेक सुरुवातीला रडवेली झाली होती. आई तिला म्हणाली, ‘बरं केलंस गो, आंबे आले की पेढे वाटायलाच हवेत.’ तेव्हापासून ती आजीचा मेसेज साध्या वेगाने ऐकते, तोही दोनदा, आणि कोंबडा ओरडला की मला बोलावते. आढीतला पहिला आंबा तिनेच शोधला. बाकीचे पिकल्यावर खाली, वर आणि शेजारी दोन-दोन देऊन आली, कारण सगळ्यांनी पेढे खाल्ले होते आणि कारण कुणालाच कळलं नव्हतं.

ग्रुपवर मी लिहिलंय की हा नियम माझ्या आईला लागू नाही. तुमच्याही आईला, आजीला लागू नाही. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. आईने मात्र आत्ताच दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा मेसेज टाकलाय, आमसुलं कशी वाळवायची त्याचा, आणि तो त्याच ग्रुपवर टाकलाय.